७०:३० च्या टेंडरमध्ये दर कमी भरूनही हरतो, काय चुकतं?

इंदूरला आमची छोटी सर्वेक्षण कंपनी आहे. दर कमी ठेवतो, तरी काम दुसऱ्यालाच जातं. का?

उत्तर: तिथे दराला वजनच कमी: तांत्रिक प्रस्तावाला ७० टक्के, दराला फक्त ३०. समजा तुमचा दर सर्वांत कमी, १८ लाख, आणि दुसऱ्याचा २० लाख. १८ भागिले २०, म्हणजे दुसऱ्याला दराचे १०० पैकी ९० गुण. त्याचे ३० टक्के २७. तुमच्या ३० पुढे दुसऱ्याचा तोटा फक्त ३ गुणांचा. तांत्रिक प्रस्तावात त्याला ५ गुण जास्त मिळाले की त्यांच्या ७० टक्क्यांनी ३.५ वसूल.

तुमचे तांत्रिक गुण बहुधा अनुभवाच्या कागदांत अडकतात. निकष ‘पूर्ण झालेली कामं’ म्हणत असेल, तर नुसती वर्क ऑर्डर चालत नाही. रक्कम आणि तारीख असलेलं कंप्लीशन सर्टिफिकेट जोडा. निकषांचा तक्ता जसाच्या तसा उतरवून प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक लिहा. तपासणारा शोधत बसत नाही.