विकणाऱ्याच्या ओटीपीशिवाय गाडी नावावर होईल का?

प्रश्न: सेकंड हँड अ‍ॅक्टिव्हा घेतली, पैसे दिले, सही केलेले फॉर्म मिळाले. ऑनलाइन अर्जात विकणाऱ्याचा ओटीपी मागतात आणि तो आता फोन उचलत नाही. त्याच्याशिवाय गाडी माझ्या नावावर होईल का?

आधार वापरून घरबसल्या करायच्या अर्जात नाही होणार. तिथे दोघांचेही ओटीपी लागतात. पण तो फोन का उचलत नाही, हे आधी शोधा. मी स्वतः विकणारा होतो आणि त्यात पोळलोय, म्हणून एवढं लिहितोय.

2019 मध्ये मी माझी स्कूटर 28 हजारांना विकली. घेणारा माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा. 25 हजार रोख दिले, उरलेले तीन ‘नावावर झाली की देतो’ म्हणाला. मी मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, तारखेची जागा कोरी सोडली आणि आरसी, किल्ली त्याच्या हातात दिली. शंभराच्या स्टँपवर विक्रीचा करार केला. मी म्हणत होतो, आधी अर्ज भरू, मग गाडी ने. मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘दाजी, माणसावर विश्वास नाही का? स्टँप केलाय ना, मग तुमचा काय संबंध?’’ मी गप्प बसलो.

दोन वर्षांनी माझ्या मोबाइलवर ई-चलनं यायला लागली. ट्रिपल सीट, विना हेल्मेट. फोन केला की तो म्हणायचा, ‘‘पुढच्या आठवड्यात करतो.’’ मग एक दिवस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. त्या स्कूटरने एका सायकलवाल्याला उडवलं होतं, विमा संपलेला होता आणि कागदोपत्री मालक मी. वकिलांसमोर स्टँप ठेवला. ते म्हणाले, हा तुमच्या दोघांतला कागद आहे, जखमी माणसाला त्याच्याशी देणंघेणं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच सांगितलंय : गाडी कितीही हात बदलो, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. तडजोडीत माझे 40 हजार गेले. मेव्हण्याला आजही वाटतं की माझं नशीब खराब होतं. नशिबाचा काही संबंध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली की 14 दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. ते मी केलं नाही.

आता तुमचं. vahan.parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकला की चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारतात आणि नोंदणीत असलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. खरी गाठ बरेचदा इथेच बसते. अनेक जुन्या गाड्यांना शोरूमवाल्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा मालकाने सिम बदललेलं असतं. मग विकणाऱ्याच्या घरी बसूनही ओटीपी येत नाही. आधी Update Mobile Number मधून नंबर बदलायचा. त्याला पूर्ण चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते, सगळं आरसीवर असतं. त्यानंतर Transfer of Ownership. त्यात तुमचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, विक्रीची तारीख आणि रक्कम भरायची. नाव आधारवर आहे अगदी तसंच लिहा. अर्ज करण्याआधी विमा आणि पीयूसी चालू आहे ना आणि जुनं चलन थकलेलं नाही ना, हे पाहून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

विकणाऱ्याचा पत्ता आरसीवर आहे. घरी जा. एजंटकडे जाऊन खोट्या सह्या, खोटे नंबर असलं काही करू नका. त्याला सांगा की अपघात झाला तर नोटीस त्याच्या दारात येईल. दहा मिनिटांत ओटीपी देईल. आधारचा मार्ग जमत नसेल तर अर्जाची प्रिंट, दोघांच्या सह्यांचे 29-30 आणि मूळ कागद घेऊन आरटीओत प्रत्यक्ष जाता येतं.

हे सगळं साध्या विक्रीचं झालं. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो, गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. मूळ मालक वारला असेल तर 29-30 चालत नाहीत, वारसांसाठी फॉर्म 31 आहे. आणि नाव बदललं की 14 दिवसांत विमा कंपनीलाही कळवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

विकणाऱ्यांनो, स्क्रीनवर दोघांचे ओटीपी पडेपर्यंत किल्ली खिशातच ठेवा. मेव्हणा रागावला तर रागावू द्या.