लिंबू-मधाचं पाणी आणि शिवशिवणारे दात

प्रश्न: वजनासाठी रोज सकाळी लिंबू-मधाचं पाणी घोट घोट पिते, मग लगेच ब्रश करते. हल्ली दात शिवशिवतात, छातीत जळजळतं. बंद करू का?

हो, बंदच करा. वजनासाठी त्याचा वेगळा उपयोग नाही. उलट, एक मोठा चमचा मध म्हणजे सुमारे 60 कॅलरी. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, साधारण 5.5 पीएचखाली विरघळायला लागतं; पीएच जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. आणि लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 असतो. पाण्याने तो थोडाच सौम्य होतो. घोट घोट पिण्याने दात बराच वेळ आंबटात राहतात. त्यावर लगेच ब्रश केला की मऊ पडलेला थर घासला जातो, आणि इनॅमल एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. आरशात पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसतात का पाहा. झीज अशीच दिसू लागते. दिसल्या तर दंतवैद्यांना नक्की दाखवा. कधी प्यायलातच तर एका दमात प्या, साध्या पाण्याने चूळ भरा, तासभर ब्रश नको. जळजळ मात्र प्रत्येकाला लिंबानेच होते असं नाही. दोन आठवडे बंद ठेवूनही ती राहिली, किंवा गिळताना अडकायला लागलं, तर डॉक्टरांकडे जा.