कपातीत कोणाला काढायचं, आणि सांगायचं कसं?

प्रश्न: आमची १४ जणांची कंपनी आहे, दोघांना कमी करावं लागणार. निवड न्याय्य कशी करू आणि त्यांना सांगू कसं?

आधी काम ठरवा, नावं नंतर. समजा सपोर्टला चौघे आहेत आणि पुढे काम दोघांपुरतंच उरणार आहे. मग तुलना फक्त त्या चौघांत. निकष आधीच लिहून, तारीख टाकून ठेवा: पुढे लागणारी कौशल्यं, लेखी मूल्यमापन, अनुभव. गुण देणारे दोघे असावेत आणि त्यांनी एकमेकांचे न बघता गुण द्यावेत. ‘टीममध्ये मिसळतो का’ असला निकष नको, त्यातून आवडनिवड शिरते. हजेरी धरलीत तर बाळंतपणाची आणि आजारपणाची रजा वगळा. मी एकदा ती वगळायला विसरलो आणि काढायच्या यादीत सर्वांत वर नाव आलं ते नुकत्याच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईंचं. नशीब, पत्र छापायच्या आधी लक्षात आलं.

सांगताना हवापाण्याच्या गप्पा नकोत. समोर बसताच सांगा: “वाईट बातमी आहे. सपोर्टची दोन पदं बंद होतायत, त्यात तुमचं आहे. निर्णय झालेला आहे.” मग गप्प बसा. ही शांतता फार जड जाते आणि तिथेच मालक “मलाही झोप लागली नाही” म्हणून स्वतःचं रडगाणं सुरू करतो. ते टाळा. “मीच का?” आलं, तर निकष आणि त्यांचे गुण सांगा, इतरांचे नाही. शेवटचा दिवस, देणी आणि अनुभवपत्र कधी मिळेल हे लिहिलेला कागद हातात द्या, कारण तोंडी सांगितलेलं त्या क्षणी डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायची वेळही तेव्हाच ठरवा.