अप्रूव्हर रजेवर गेला की पीओ अडकतात, रूल कसे बसवायचे?

प्रश्न: आमच्याकडे पर्चेस ऑर्डरचं म्हणजे पीओचं अप्रूव्हल रक्कम आणि डिपार्टमेंटप्रमाणे लावलंय. पण कोणी रजेवर गेलं की पीओ तिथेच पडून राहतात आणि मग लोक एकमेकांचे पासवर्ड वापरतात. सिस्टममध्ये हे नीट कसं बसवायचं?

उत्तर:

पासवर्डचं वाचून हसू आलं, कारण माझ्या आधीच्या कंपनीत डिट्टो हेच चालायचं. ऑडिटरने लॉग काढला तर एक एचओडी ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना त्यांच्या नावावर रोज अप्रूव्हल पडलेली. कोणी चोरी केली नव्हती हो, मशीन बंद होतं, पार्ट हवा होता, आणि सिस्टमने दुसरा रस्ताच ठेवला नव्हता, मग लोकांनी आपला काढला. त्यामुळे नुसती तंबी देऊन हे थांबत नाही.

पहिलं काम म्हणजे रूलमधून माणसांची नावं काढून टाका. रूलमध्ये पद लिहायचं, म्हणजे मेंटेनन्सचा एचओडी, फायनान्स मॅनेजर, डायरेक्टर असं, आणि त्या पदावर आज कोण आहे हे वेगळ्या टेबलमध्ये ठेवायचं. नावावर रूल असेल तर माणूस नोकरी सोडून गेला, आयटीने त्याचा युजर बंद केला, आणि पीओ बंद युजरच्या इनबॉक्समध्ये जाऊन बसतो, कोणाला दिसतही नाही. पीओला कुठल्या कुठल्या पायऱ्या लागणार हे सबमिट करतानाच ठरवून गोठवायचं, पण त्या पायरीवरचा माणूस मात्र पायरी आली की तेव्हाच शोधायचा. सोमवारी सबमिट केलेला पीओ गुरुवारी फायनान्सकडे पोचला तर गुरुवारी तिथे कोण आहे ते बघायला पाहिजे, सोमवारी कोण होतं त्याचा काय उपयोग.

आता लिमिट. समजा तुमचे तीन टप्पे आहेत: ५०,००० पर्यंत फक्त एचओडी, २,००,००० पर्यंत एचओडी आणि मग फायनान्स मॅनेजर, त्यावर असेल तर या दोघांनंतर डायरेक्टर. टेबलमध्ये "० ते ५०,०००" आणि "५०,००१ ते २,००,०००" असं लिहू नका. आम्ही लिहिलं होतं. ५०,०००.४० चा एक पीओ आला, तो कुठल्याच रूलमध्ये बसला नाही आणि सॉफ्टवेअरने रूल नाही म्हणजे अप्रूव्हल लागत नाही असं समजून थेट सोडून दिला. म्हणून फक्त वरची मर्यादा लिहायची, लहानापासून मोठ्याकडे जायचं, ज्या मर्यादेत पहिल्यांदा बसेल तो टप्पा. आणि कशातच बसलं नाही तर पीओ थांबला पाहिजे, पुढे जाता कामा नये. रक्कम टॅक्ससकट धरायची की टॅक्सशिवाय हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. परदेशी चलनात पीओ होत असतील तर तुलना कंपनीच्या चलनात करा, ERPNext वापरत असाल तर कंडिशनमध्ये `doc.grand_total` नाही, `doc.base_grand_total` लिहा, नाहीतर ४०,००० डॉलरचा पीओ एचओडी एकटाच पास करून मोकळा होईल.

डिपार्टमेंट कोणाचं धरायचं यावर पण भांडणं होतात. माझं मत सरळ आहे, ज्याच्या बजेटमधून पैसे जाणार त्याचं, पीओ कोणी टाइप केला याला अर्थ नाही. आयटीवाल्याने सेल्ससाठी लॅपटॉप मागवले तर सेल्सच्या एचओडीची सही लागते. एका पीओमध्ये दोन डिपार्टमेंटच्या लाइन असतील तर दोघा एचओडींनी आपापल्या लाइन बघायच्या, पण टप्पा मात्र पूर्ण पीओच्या रकमेवरच ठरवायचा. लाइनवर ठरवलं की १,८०,००० चा पीओ ४५,००० च्या चार लाइन करून फायनान्सला न दाखवताच निघून जातो.

बरं, आता गैरहजेरी, मुख्य दुखणं तेच. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण त्या एकाच रूलमध्ये कोंबतात. एक म्हणजे माहीत असलेली रजा. त्यासाठी डेलिगेशन, म्हणजे एचओडी जायच्या आधी स्वतः सिस्टममध्ये टाकणार की या तारखेपासून या तारखेपर्यंत माझ्या जागी अमुक. शेवटची तारीख कंपल्सरी ठेवा, नाहीतर रजा संपून सहा महिने झाले तरी ज्युनिअरच सह्या करतोय असं होतं. डेलिगेट किती रकमेपर्यंत सही करू शकतो याची मर्यादा पण तिथेच टाकायची सोय द्या, त्यावरचं आपोआप वरच्या पदाकडे जाईल. आणि डेलिगेटने पुढे आणखी कोणाला डेलिगेट करायचं नाही, एकच उडी. दोन उड्या चालू दिल्या की कधीतरी अ ने ब ला आणि ब ने अ ला दिलेलं असतं आणि पीओ गोल गोल फिरत राहतो.

दुसरी म्हणजे न सांगता गायब. आजारी पडला, प्रवासात आहे, किंवा ऑफिसात बसूनच मेल बघत नाहीये, सिस्टमला तिन्ही सारखेच दिसतात. याला टायमर लागतो. आम्ही एका कामाच्या दिवसानंतर रिमाइंडर आणि दोन कामाच्या दिवसांनंतर वरच्या पदाकडे, असं ठेवलं होतं. कामाचे दिवस म्हणतोय, तास मोजाल तर शुक्रवारी संध्याकाळी आलेला पीओ सोमवारी सकाळी कोणी बघायच्या आतच वर गेलेला असेल आणि मोठे साहेब वैतागतील. वर गेल्यावरसुद्धा मूळ अप्रूव्हरला सही करता आली पाहिजे, दोघांपैकी जो आधी करेल तो. पण टायमर संपला म्हणून आपोआप अप्रूव्ह, हे काही झालं तरी करू नका. एका ठिकाणी तीन दिवसांनी आपोआप पास होण्याचा रूल होता, तिथे लोक साहेबांच्या रजेचं कॅलेंडर बघून पीओ टाकायला शिकले होते, विषय संपला.

माणूस शोधायचं लॉजिक साधारण असं:

```
role = step.role
loop:
    p = holder(role)
    if away(p): p = delegate_of(p)
    if p exists and not away(p)
       and p != po.requester
       and p not in po.approved_by
       and po.amount <= cap(p):
        return p
    role = parent(role)
    if role is none:
        hold(po); alert_admin(); stop
```

`cap` म्हणजे डेलिगेशनमध्ये टाकलेली मर्यादा, माणूस स्वतः हजर असेल तर ती लागू नाही.

एक केस चालवून बघू. मेंटेनन्सचा १,८०,००० चा पीओ, म्हणजे एचओडी आणि फायनान्स मॅनेजर. एचओडी सोमवार ते शुक्रवार रजेवर, जाताना त्यांनी सीनिअर इंजिनिअरला १,००,००० पर्यंतचं डेलिगेशन दिलंय. आणि पीओ टाकलाय त्याच सीनिअर इंजिनिअरने, सोमवारी सकाळी. साधी सिस्टम काय करेल, एचओडी नाही, डेलिगेट आहे, पाठव त्याला, आणि तो स्वतःच्याच पीओवर सही करेल. रिक्वेस्टर स्वतः अप्रूव्ह करू शकत नाही असा चेक बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो, पण तो मूळ अप्रूव्हरवर लागतो, डेलिगेटवर लागतो का हे बघून घ्या, मी पाहिलंय तिथे हमखास तिथेच भोक असतं. वरच्या लॉजिकमध्ये तो बाद होतो आणि पीओ एचओडीच्या वरच्या पदाकडे, म्हणजे प्लांट हेडकडे जातो. पीओ दुसऱ्या कोणी टाकला असता तरी १,००,००० च्या मर्यादेमुळे तिथेच गेला असता.

प्लांट हेडने सोमवारी दुपारी सही केली. आता पायरी दोन, फायनान्स मॅनेजर. ते आजारी, डेलिगेशन वगैरे काही नाही, त्यामुळे सिस्टमच्या लेखी ते हजरच आहेत आणि पीओ त्यांच्याकडेच जातो. मंगळवारी दुपारी रिमाइंडर, बुधवारी दुपारी फायनान्सच्या वरच्या पदाकडे. त्यांनी बुधवारी संध्याकाळी सही केली. तीन दिवस लागले, पण पासवर्ड कोणी मागितला नाही आणि लॉगमध्ये दिसतं की पायरी एचओडीची होती, सही प्लांट हेडची, कारण डेलिगेट रिक्वेस्टर होता. हे कारण लॉगमध्ये लिहाच, सहा महिन्यांनी कोणाला आठवत नसतं. तीन दिवस जास्त वाटत असतील तर टायमर कमी करा किंवा मशीन बंदच्या पीओसाठी वेगळा छोटा टायमर ठेवा, पण सह्या कमी करू नका.

आता `approved_by` चा चेक कशाला? एचओडीने डेलिगेट म्हणून फायनान्स मॅनेजरला निवडलं तर एकच माणूस दोन्ही पायऱ्यांवर सही करणार, कागदावर दोन सह्या, प्रत्यक्षात एकच डोकं. या चेकमुळे दुसरी पायरी वर जाते. याचा एक त्रास आहे, तो आधीच सांगून ठेवतो. ३,००,००० च्या पीओत पहिली पायरीच चढत चढत डायरेक्टरकडे गेली, तर तिसऱ्या पायरीला ते आधीच सही केलेले म्हणून बाद, त्यांच्या वर कोणी नाही, पीओ होल्ड. तिथे आम्ही अपवाद केला होता: माणूस डेलिगेट म्हणून नाही तर स्वतःच्या पदावरून सही करत असेल आणि त्या पीओवर आणखी एका वेगळ्या माणसाची सही झालेली असेल तर चालेल. तुमच्याकडे पदं कमी असतील तर हा अपवाद लवकरच लागेल.

अप्रूव्ह झालेला पीओ नंतर बदलला तर काय, हे विचारलं नाहीये तुम्ही, पण थोडक्यात, रक्कम वाढली तर तुलना मूळ अप्रूव्ह झालेल्या रकमेशी करा, मागच्या बदलाशी नाही. नाहीतर ५ टक्के वाढ चालते म्हणून लोक पाच वेळा ५ टक्के वाढवतात.

रूल लाइव्ह करायच्या आधी मागच्या तीन महिन्यांचे पीओ टेस्टमध्ये त्यातून चालवा आणि प्रत्येकाला कोण कोण आलं असतं ते काढा, त्याच्या बाजूला एचआरकडून रजेची यादी लावा. ज्या तारखांना माणूस रजेवर आणि खऱ्या लॉगमध्ये सही त्याचीच, त्या ओळी आधी बघा. काहींनी रजेवर असताना मोबाइलवरून खरंच स्वतः सही केलेली असेल, तेवढं विचारून घ्या. उरलेल्या ओळी म्हणजे तुमचे पासवर्डवाले, आणि कुठल्या पदाला डेलिगेट सगळ्यात आधी लावायचा ते त्यातूनच कळेल.