स्पर्धा तोंडावर असताना क्रिएटिन सुरू करू नको

भाऊ, बॅडमिंटनची स्पर्धा दहा दिवसांवर आली आहे, आत्ता क्रिएटिन पावडर नको. रोज 20 ग्रॅम घेतलं की आठवड्याभरात स्नायूंतला साठा भरतो हे खरं, पण त्यासोबत स्नायू पाणी धरतात आणि वजन एक-दीड किलोने वाढू शकतं. नेटजवळ लंज मारून मागे फिरताना ते पायांना कळतं. स्पर्धा झाली की साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम जेवणासोबत घे. तीन-चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो आणि पायांनाही सवय होते.

स्मॅश आणि उडीची झटपट ऊर्जा फॉस्फोक्रिएटिनमधून, म्हणजे स्नायूंत साठलेल्या क्रिएटिनच्या रूपातून येते, दोन रॅलींमध्ये ते थोडंफार भरून निघतं. तू शाकाहारी आहेस, म्हणजे तुझा साठा मुळात कमी असणार, फरकही बहुधा जास्त जाणवेल. दमसास मात्र त्यातून मिळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात बंद हॉलमध्ये तिसऱ्या गेमला पाय गळाले, तर आधी पाणी आणि मीठ बघ.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायला मोजतात तो घटक, किंचित वाढलेलं दिसू शकतं, म्हणून पावडर घेतोस हे डॉक्टरांना आधीच सांग. किडनीचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नको.