आठ जीबी रॅम आणि भारी ग्राफिक्स कार्ड, घेऊ का?

"मॅडम, मी अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, लोगो, पॅकेजिंग, पोस्टरची फ्रीलान्स कामं सुरू केलीत. बाबांनी ७५ हजारांचं बजेट दिलंय. दुकानदार म्हणतो गेमिंग लॅपटॉप घे, ग्राफिक्स कार्ड भारी आहे, रॅम ८ जीबी. घेऊ का?"

या कॉन्फिगरेशनमध्ये तरी नको घेऊस. ग्राफिक्स कार्ड गेम आणि थ्रीडीसाठी महत्त्वाचं, तुझ्या कामात आधी अडतं ते रॅमवर.

हिशोब करून बघ ना, १२ बाय १८ इंचाचं पोस्टर ३०० डीपीआयला केलं की ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल, सीएमवायकेमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेली एक लेयर साधारण ७८ एमबी. अशा ४० लेयर झाल्या की ३ जीबीच्या वर गेलीस, त्यात अंडूची हिस्टरी वेगळी, आणि विंडोज, क्रोम आधीच जागा अडवून बसलेले. लेयरचा रिकामा भाग कमी जागा घेतो हे खरं, पण तरी ८ जीबी पुरत नाहीच. मग फोटोशॉप रॅममध्ये न मावलेला भाग एसएसडीवर तात्पुरत्या स्क्रॅच फाइलमध्ये लिहायला लागतं आणि ब्रश अडकत अडकत चालतो. कॉलेजच्या मशीनवर तुझी सगळ्यात जड फाइल उघड, खालच्या स्टेटस बारच्या बाणातून Efficiency निवड, आकडा १०० टक्क्यांच्या खाली राहत असेल तर रॅम कमी पडतेय.

तेव्हा १६ जीबी कमीत कमी, आणि रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे की नंतर वाढवता येते हे आधी विचार, रिकामा स्लॉट असेल तर पुढे ३२ करता येईल. एसएसडी ५१२ जीबीची घे, स्क्रॅचसाठी मोकळी जागा लागतेच.

इलस्ट्रेटरचं गणित वेगळं आहे, तिथे बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून कोअर किती हे मोजत बसण्यापेक्षा प्रोसेसर नव्या पिढीचा आहे का ते बघ. शॅडो, ब्लरने फाइल जड झाली तर काम करताना Document Raster Effects Settings ७२ वर ठेव, प्रेसला द्यायच्या आधी आठवणीने ३०० कर.

आता स्क्रीन, आणि दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही (कार्डाचं स्टिकर मात्र मोठं असतं!). एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवू शकते याची मापं. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपवर ४५ टक्के एनटीएससी पॅनल असतं, त्यावर लाल-केशरी रंग फिके दिसतात, मग तू सॅच्युरेशन वाढवतेस आणि छापून आलेला डबा भडक दिसतो. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं घे, ७२ टक्के एनटीएससी म्हणजे जवळपास तेच. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनल येतात, त्यामुळे खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून खात्री कर आणि मगच बाबांना पैसे द्यायला सांग.