फ्री थ्रो आणि पेनल्टीच्या आधीचे ते रिकामे सेकंद

प्रश्न: सरावात माझे फ्री थ्रो आणि पेनल्टी दोन्ही व्यवस्थित जातात, पण सामना अटीतटीचा झाला की हातपाय जड होतात. मोठे खेळाडू दर वेळी तेच ते ठरलेलं करतात, त्याने खरंच फरक पडतो की ती नुसती सवय असते?

उत्तर: फरक पडतो. का पडतो हे कळलं की स्वतःचं रुटीन नीट बांधता येतं, म्हणून आधी कारण सांगतो. मी बरीच वर्षं बास्केटबॉल खेळलो आणि आता मुलामुलींना शिकवतो. त्यामुळे फ्री थ्रोबद्दल जास्त लिहीन, पण पेनल्टीचं मूळ दुखणंही तेच आहे.

चालू खेळात अंगावर बचावपटू असतानाही तुम्ही चेंडू मारताच ना? तेव्हा हात जड होत नाहीत. फ्री थ्रोला तर कुणी अडवायलाही येत नाही. अंतर ठरलेलं, 4.6 मीटर. रिंगची उंची ठरलेली, 3.05 मीटर. पेनल्टीत चेंडू गोलरेषेपासून 11 मीटरवर स्थिर ठेवलेला असतो. तरीही गडबड इथेच होते, कारण खेळ थांबलेला असतो आणि तो पुन्हा सुरू करणं तुमच्या हातात असतं. मधले काही सेकंद रिकामे पडतात.

त्या सेकंदांत मन दोन ठिकाणी जातं. एक म्हणजे निकालाकडे: हुकलं तर काय होईल? हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं म्हणजे स्वतःच्या हालचालीकडे: कोपर बरोबर आहे का, मनगट नीट वळेल का? मला हे दुसरं जास्त घातक वाटतं, कारण ते काळजी घेतल्यासारखं दिसतं. रोजचा जिना उतरताना प्रत्येक पाऊल कसं पडतंय याचा विचार करून पाहा, पाय अडखळेल. हजारो वेळा केलेली हालचाल शरीर एकसंध करतं. मन मध्ये पडलं की तिचे तुकडे होतात आणि ती ताठर होते. सायन बाइलॉक या मानसशास्त्रज्ञांनी दडपणाखाली कामगिरी का ढासळते यावर बरंच काम केलं आहे, आणि त्यांचा रोख नेमका इथेच आहे. रुटीन या रिकाम्या सेकंदांत मनाला दुसरं, साधं काम देतं. तेवढाच त्याचा उपयोग, पण तो फार मोठा आहे.

मन एकदा मध्ये पडलं की काय होतं, हे निक अँडरसनच्या बाबतीत दिसतं. 7 जून 1995, एनबीए अंतिम फेरीचा पहिला सामना. ऑर्लँडो मॅजिक 110-107 असे पुढे होते आणि जेमतेम दहा सेकंद उरले होते. त्यांच्या अँडरसनला दोन फ्री थ्रो मिळाले. एक जरी पडला असता तरी आघाडी चारची झाली असती आणि ह्यूस्टनला एका शॉटमध्ये बरोबरी साधता आली नसती. दोन्ही हुकले. रिबाउंड त्याच्याच हाती आला, पुन्हा फाउल झाला, पुन्हा दोन फ्री थ्रो मिळाले. तेही हुकले. मग केनी स्मिथने तीन गुणांचा शॉट मारून बरोबरी केली, ह्यूस्टनने जादा वेळेत सामना जिंकला आणि पुढे मालिका 4-0 ने.

अँडरसनचे त्या मोसमात साधारण 70 टक्के फ्री थ्रो पडत होते. अशा खेळाडूचे सलग चार निव्वळ योगायोगाने हुकण्याची शक्यता शंभरात एकही नाही. मला जास्त लागतं ते पुढचं. 1996-97 च्या मोसमात त्याचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास घसरलं. हात तोच होता, अंतर तेच होतं. त्याच्या मनात काय चाललं होतं हे बाहेरून सांगता येणार नाही, पण त्या रेषेवर उभं राहणंच अवघड होऊन बसलं होतं हे आकड्यांतून दिसतं.

पेनल्टीत हेच दुखणं बहुधा घाईच्या रूपात दिसतं. नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआऊटची चित्रफीत बारकाईने तपासली. ज्या किकवर गोल झाला की संघ तिथेच जिंकणार होता, त्या किकवर गोलचं प्रमाण 92 टक्के होतं. जी हुकली की संघ तिथेच हरणार होता, तिथे ते 62 टक्क्यांच्या आसपास आलं. चेंडू, जागा, अंतर सगळं सारखं. शिट्टी वाजताच धावत सुटणारे खेळाडू जास्त हुकतात, असंही त्यांना आढळलं. तो प्रसंग लवकर संपावा असं वाटतं आणि पाय आधीच निघतात. तुम्हाला शिट्टीनंतर आपण किती थांबलो हे आठवतच नसेल, तर तुमचंही बहुधा हेच होत असणार.

आता रुटीनबद्दल. पुष्कळ जण ते सेकंदांत मोजतात. 2008 मध्ये लॉन्सडेल आणि टॅम यांनी एनबीए खेळाडूंच्या फ्री थ्रोचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूने आपला नेहमीचा क्रम पाळला तेव्हा सुमारे 84 टक्के फ्री थ्रो पडले, क्रम मोडला तेव्हा सुमारे 71 टक्के. दर वेळी तेवढाच वेळ घेण्याचा मात्र यशाशी संबंध दिसला नाही. म्हणजे जपायचा तो क्रम. अर्थात यावरून क्रमामुळेच चेंडू पडतो असं सिद्ध होत नाही. मन विचलित झाल्यामुळेच क्रम मोडत असेल, असंही असू शकतं. पण तसं असलं तरी मोडलेला क्रम ही धोक्याची खूण ठरतेच.

माझ्याकडच्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. सरावात छान, पण सामन्यात तिचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत यायचे. डावी-उजवीकडे चूक नव्हती, चेंडू फक्त तोकडा पडायचा. माझ्या अनुभवात दडपणाची ही सर्वांत ओळखीची खूण आहे: गुडघे कमी वाकतात, हात अर्ध्यात थांबतो. मी तिला विचारलं, मारताना मनात काय म्हणतेस? ती म्हणाली, "सर, कोपर आत, कोपर आत." ते मीच तिला शिकवलं होतं. सरावात चूक सुधारायला ते योग्य होतं, पण निर्णायक क्षणी तेच शब्द तिला पुन्हा हालचालीचे तुकडे करायला लावत होते.

आम्ही नवा क्रम बांधला. पंचांकडे चेंडू असेपर्यंत ती रेषेच्या एक पाऊल मागे उभी राहते आणि एक लांब श्वास सावकाश सोडते. हे मागेच उरकायचं कारण नियमात आहे: फिबाच्या नियमांत चेंडू हाती आल्यावर पाचच सेकंद मिळतात, एनबीएमध्ये दहा. श्वास त्या पाचांत बसवायला गेलं की तोही घाईचा होतो. मग ती रेषेवर येते, चेंडू घेते, तीन टप्पे देते, बोटं चेंडूवरच्या खाचेवर ठेवते आणि नजर रिंगच्या मागच्या कडेवर नेते. मनात एकच शब्द, "वर", आणि चेंडू सुटतो. "वर" हा शब्द कोपराबद्दल किंवा मनगटाबद्दल काही सांगत नाही, चेंडू कुठे जायचा तेवढं सांगतो. शब्द असाच हवा.

नजरेचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण लोक तिथे हयगय करतात. जोन व्हिकर्स यांनी फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली होती. चांगले खेळाडू हात उचलण्याआधी रिंगवरच्या एकाच जागी साधारण सेकंदभर नजर ठेवतात. कच्च्या खेळाडूंची नजर इकडून तिकडे उडते. पेनल्टीतही घाबरलेल्या खेळाडूची नजर गोलकीपरकडे लवकर जाते, तिथेच रेंगाळते आणि चेंडूही त्याच्या हाताशी जातो.

पेनल्टीसाठी कोपरा चालत येतानाच ठरवा, आणि चेंडूला हात लावल्यानंतर तो बदलायचा नाही. चेंडू स्वतः ठेवा. मोजून मागे जा, दर वेळी तेवढीच पावलं. शिट्टी वाजल्यावर एक श्वास घ्या, कोपऱ्यातली नेमकी जागा पाहा, मग चेंडूवर नजर आणून धावा. गोलकीपर कुठे झेपावतो ते पाहून शेवटच्या क्षणी दिशा ठरवणारेही खेळाडू असतात. ती पद्धत चुकीची नाही, पण तिला वेगळा आणि पुष्कळ सराव लागतो. तुमचे पाय आत्ताच जड होत असतील तर सध्या तिच्या वाट्याला जाऊ नका.

समोरचा तुमचा क्रम मोडायचा प्रयत्न करणारच. 2022 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शूटआऊटमध्ये फ्रान्सचा चुआमेनी पुढे येत होता, तेव्हा अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने चेंडू लांब फेकून दिला. चुआमेनीला तो जाऊन आणावा लागला आणि त्याची किक गोलबाहेर गेली. बास्केटबॉलमध्ये हेच काम नेमक्या वेळी घेतलेला टाइमआउट करतो. अशा वेळी मधूनच पुढे चालू करायचं नाही, पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करायची. म्हणून पहिली पायरी श्वासासारखी असावी, जी कुठेही, चेंडू हातात नसतानाही करता येते. हा व्यत्यय सरावात मुद्दाम आणा. मी मुलीने दोन टप्पे दिले की चेंडू परत मागतो.

आणि सलग पन्नास फ्री थ्रो मारणं हा रुटीनचा सराव नाही. दहाव्यापासून हात लयीत येतो आणि रिकामे सेकंद उरतच नाहीत. सामन्यात दोनच मिळतात, तेही धापा टाकत असताना. म्हणून मैदानाच्या दोन फेऱ्या धावा, दोन मारा, पुन्हा धावा. पेनल्टी तर एका सत्रात एक किंवा दोनच, आणि मध्यवर्तुळापासून चालत येऊन.

रुटीनने कच्चा शॉट पक्का होत नाही. एकट्याने, निवांतपणीसुद्धा चेंडू पडत नसेल तर आधी तंत्र सुधारायला हवं. तुमचं तसं दिसत नाही. तरी खात्रीसाठी महिनाभर वहीत दोन गोष्टी लिहा: चेंडू पडला की नाही, आणि क्रम पूर्ण झाला की नाही. क्रम पाळूनही हुकलेले बरेच निघाले तर तो शॉटचा प्रश्न, प्रशिक्षकाला दाखवा. हुकलेले बहुतेक क्रम मोडलेले निघाले, तर कोणत्या पायरीवर मोडतो ते पाहा. त्या मुलीचा नेहमी खाचेवर मोडायचा: घाई झाली की ती बोटं न लावताच चेंडू उचलायची. आता ती खाच सापडेपर्यंत वर बघतच नाही.